मक्त्याचा आकडा आणि मासळीची वाढ

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर जे धरण बांधलेले आहे, त्याची ख्याती मुख्यतः लातूर शहराची तहान भागविणारे धरण म्हणून आहे; आणि त्या धरणाचा तळ उघडा पडला तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, ही हकीकत साऱ्या देशाने वृत्तपत्रांतून वाचली. परंतु धरणात केवळ पाणी नसते. मांजराच्या काय किंवा नांदेडनजीक गोदावरीवरच्या विष्णुपुरीच्या काय, जलाशयावर पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून रात्री टाकलेली जाळी उचलणाऱ्या भोई मंडळींच्या दृष्टीने धरण ही मासळीची जिवंत ठेव असते, आणि या ठेवीतून दरसाल किती उचल करावी, हा त्यांच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न असतो. जलाशय मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने जातो. ठेक्याची रक्कम ठरलेली असते, जाळ्यांचा व बर्फाचा खर्च ठरलेला असतो, आणि बाजारातला व्यापारीही ठराविक मालाची अपेक्षा धरून बसलेला असतो. त्यामुळे पाऊस पडो वा न पडो, दरसालची पकड एका ठराविक आकड्याच्या आसपास राखण्याकडे सर्वांचाच कल होतो. निजामी अमदानीत गावोगावचे इजारदार आणि मक्तेदार ज्या पद्धतीने उत्पन्नाचा अंदाज बांधीत, तिचाच हा वारसा म्हणावयास हरकत नाही: आधी आकडा, मग निसर्ग.

हा आकडा ठरीव राहिला तर धरणातल्या मासळीचे काय होते, याचे उत्तर गणिताने फार थोड्या सामग्रीवर देता येते. ती सामग्री मूळ बेल्जियमची आहे. पिएर फ्रान्स्वा व्हेर्हुल्स्ट या गणितज्ञाने १८३८ साली लोकसंख्येच्या वाढीसंबंधी एक समीकरण मांडले आणि काही वर्षांनी त्याच्या वक्रास ‘लॉजिस्टिक’ असे नाव दिले. मासेमारीच्या हिशेबात त्याचा उपयोग मिलनर शेफर याने १९५४ साली करून दाखविला. व्हेर्हुल्स्टचे म्हणणे एवढेच होते, की प्रजा अल्प असते तोवर ती स्वतःच्या प्रमाणात वाढते, आणि दाटी होऊ लागली म्हणजे अन्न व जागा अपुरी पडून वाढीचा वेग मंदावतो, तो एका मर्यादेपाशी शून्य होईपर्यंत. त्या मर्यादेस धारणक्षमता म्हणतात व ती K या अक्षराने दाखवितात. अडथळा नसताना जो वाढीचा दर असता तो r. आणि कोणत्याही क्षणी जलाशयात असलेली मासळी N. दरसालची ठरीव पकड H मानली, तर मासळीच्या वाढघटीचा वेग असा लिहिता येतो:

dN/dt = rN(1 − N/K) − H

उजवीकडचे पहिले पद ही निसर्गाची जमा, दुसरे पद ही आपली उचल. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की जमा ही शिल्लक मासळीवर अवलंबून आहे, पण उचल मात्र कशावरच अवलंबून नाही. सारे पुढचे नाट्य या एका विषमतेतून निघते.

हिशेब सुबोध व्हावा म्हणून एक कल्पित जलाशय घेऊ. हे आकडे मांजराचे किंवा विष्णुपुरीचे नव्हेत. त्या आकारमानाची कल्पना यावी इतकेच. समजा, त्यात जास्तीत जास्त २०० टन मासळी पोसली जाऊ शकते आणि वाढीचा दर वर्षाला ०.८ आहे. मासेमारी मुळीच होत नसेल तर मासळी २०० टनांवर जाऊन स्थिरावेल. परंतु तेथे निसर्गाची जमा शून्य असते, म्हणजे भरगच्च जलाशय हा वाढीच्या दृष्टीने निजलेला जलाशय होय. जमेचा आलेख काढला तर तो शून्यापासून निघून मध्यावर उंचावणारा व २०० टनांपाशी पुन्हा शून्यावर येणारा एक उलटा अन्वस्त असतो. त्याचे शिखर बरोबर अर्ध्या धारणक्षमतेवर, १०० टनांवर येते, आणि तेथील जमा rK/4, म्हणजे आपल्या उदाहरणात वर्षाला ४० टन भरते. या आलेखावर पकडीची आडवी रेषा ओढावयाची. ती जेथे अन्वस्तास छेदील तेथे जमा व उचल समसमान, मासळी न वाढणारी न घटणारी. अशा ठिकाणास समतोलबिंदू म्हणावयाचे.

पकड ३० टन ठरली असे धरा. मग समतोलाची अट 0.8N − 0.004N² = 30 अशी होते, आणि ०.००४ ने भागून नीट मांडली म्हणजे N² − 200N + 7500 = 0 हे शाळेतले वर्गसमीकरण हाती येते. त्याची मुळे १५० आणि ५०. जलाशयात नेमकी १५० टन मासळी असेल तर ३० टन धरून वर्षाखेर ती १५० टनच राहील. आणि नेमकी ५० टन असेल तरीही तेच. कागदावर दोहोंचा दर्जा एकच दिसतो, पण प्रत्यक्षात एकावर संस्था निर्धास्त राहू शकते आणि दुसऱ्यावर नाही.

ते कसे, हे पाहण्यासाठी प्रत्येक बिंदूच्या आजूबाजूस किंचित सरकून पाहावे. मासळी १५० ऐवजी १४० टन झाली, तर निसर्गाची जमा वर्षाला ३३.६ टनांच्या वेगाने होते, उचल ३० टनांचीच, तेव्हा मासळी वाढू लागते व १५० कडे परतते. १६० झाली तर जमा २५.६ वर येते, आणि मासळी घटून पुन्हा १५० कडेच येते. म्हणजे हा बिंदू स्वतःला सावरून धरणारा, स्थिर समतोल होय. आता ५० कडे पाहा. मासळी ५५ टन असेल तर जमा ३१.९ टन होते, म्हणून ती वाढत जाते, आणि ती वाढता वाढता थेट १५० पर्यंत पोहोचते. परंतु ती ४५ टन असेल तर जमा २७.९ टनच होते, उचल तिच्याहून अधिक पडते, आणि घटलेल्या मासळीची जमा आणखी घटत असल्यामुळे हा ऱ्हास शून्यावर पोहोचेपर्यंत थांबत नाही. हाच अस्थिर समतोल. त्यावर मासळी प्रत्यक्षात कधी उभी राहत नाही. पण ५० हा आकडा जलाशयाच्या दोन भवितव्यांमधील सरहद्द आहे, आणि सरहद्दीचा दगड म्हणूनच त्याचे महत्त्व. गणिती भाषेत हीच कसोटी थोडक्यात अशी सांगतात, की समीकरणाच्या उजव्या बाजूचा N विषयीचा अवकलज r(1 − 2N/K) काढावा. तो ऋण आला तर समतोल स्थिर, धन आला तर अस्थिर. येथे १५० वर तो −०.४ येतो आणि ५० वर +०.४.

या −०.४ ला स्वतःचा अर्थही आहे. काही कारणाने मासळी स्थिर समतोलाखाली थोडीशी उतरली, तर ती तूट निम्मी भरून येण्यास सुमारे पावणेदोन वर्षे लागतील, असे तो सांगतो. पकड नसलेल्या जलाशयात हाच अवकलज −०.८ असतो आणि निम्मी तूट साडेदहा महिन्यांत भरते. म्हणजे मासेमारीने मासळीचे प्रमाण तर कमी होतेच, शिवाय आघातातून सावरण्याची तिची शक्तीही मंदावते. आणि ताळेबंदात पकडीचा आकडा येतो, ही मंदता कोठेच येत नाही.

आता मक्त्याचा आकडा चढवीत जाऊ. आडवी रेषा वर सरकते, तसे तिचे अन्वस्ताशी असलेले दोन छेदबिंदू एकमेकांकडे येतात. पकड ३८.४ टन केली तर ते १२० आणि ८० होतात. स्थिर समतोल खाली आला, सरहद्द वर आली, दोहोंमधले सुरक्षिततेचे अंतर १०० टनांवरून ४० टनांवर आले, आणि निम्मी तूट भरून येण्याचा काल सव्वाचार वर्षांहून अधिक झाला. पकड ४० टन होताच रेषा अन्वस्ताच्या शिखरास केवळ स्पर्श करते. दोन्ही समतोल १०० वर येऊन एकरूप होतात. आणि ४० च्या पुढे एक टनही गेले की रेषा शिखरावरून निघून जाते, छेदबिंदू उरतच नाहीत, व मासळी कितीही असली तरी उचल जमेहून नेहमीच अधिक राहते. एका राशीचा आकडा सावकाश बदलत असता समतोलांची संख्याच बदलावी, दोनाचे एक व्हावे आणि एकाचे शून्य व्हावे, या घटनेस गणितात द्विभाजन म्हणतात. आपल्या जलाशयात ते H = rK/4 या ठिकाणी घडते. स्थिर समतोल क्षीण होत होत स्वतःहून विझला, असे यात झालेले नाही. अस्थिर समतोलाने त्यास गाठले आणि दोघेही एकदमच नाहीसे झाले. म्हणून त्या क्षणापर्यंत जलाशयात निम्मी मासळी शाबूत दिसते, आणि पाहणाऱ्यास काही बिघडल्याची शंकाही येत नाही.

सूत्ररूपाने दोन्ही समतोल असे आहेत:

N = (K/2)(1 ± √(1 − 4H/(rK)))

यातल्या वर्गमुळाकडे क्षणभर थांबून पाहणे अगत्याचे आहे, कारण सावध माणसाची फसगत तेथेच होते. मासेमारी मुळीच नसलेल्या जलाशयातून पहिला एक टन दरसाल काढू लागलो, तर स्थिर समतोल २०० वरून १९८.७ वर येतो. म्हणजे एका टनाच्या पकडीपायी सव्वा टन ठेव खर्ची पडली. परंतु ३९ टनांवरून ४० टनांवर जाताना तोच समतोल ११५.८ वरून १०० वर उतरतो, म्हणजे त्या शेवटच्या एका टनासाठी जवळजवळ सोळा टनांची ठेव मोडावी लागते. आकडा दरसाल थोडा थोडा वाढवून पाहू, काही विपरीत दिसले तर थांबू, ही व्यवहारी माणसाची रीत येथे लागू पडत नाही. जेथे थांबावयाचे तेथेच उताराचा कोन सर्वांत तीव्र असतो. ‘कमाल शाश्वत उत्पादन’ या नावाने हा शिखरबिंदू विसाव्या शतकाच्या मध्यास मत्स्यव्यवसायाच्या धोरणांत मोठ्या मानाने मिरविला गेला. माझ्या मते ठरीव पकडीच्या पद्धतीत त्याच्याइतके अनिष्ट उद्दिष्ट दुसरे नाही, कारण १०० टनांचा तो समतोल वरून स्थिर व खालून अस्थिर असतो, आणि एका दुबळ्या पावसाळ्याने दिलेला हलका धक्काही त्यास पुरतो.

शिखर ओलांडल्यानंतर काय होते, हेही वाटते तितके उघड नाही. मक्ता ४१ टन ठरला, तर दर वर्षीची तूट शिखरापाशी केवळ एक टन असते, आणि मासळी त्या अरुंद फटीतून इतकी संथ उतरते की २०० टनांपासून शून्यापर्यंत येण्यास या समीकरणाप्रमाणे सुमारे ४५ वर्षे लागतात. मक्ता ४४ टन असेल तर वीस वर्षे. म्हणजे चूक करणारी पिढी एक आणि रिकामे जाळे उचलणारी पिढी दुसरी, असे सहज घडू शकते. मधल्या काळात वजनकाट्यावर दरसाल तेवढाच माल येत असतो. पकडीचा आकडा हा अखेरच्या हंगामापर्यंत निरोगी दिसणारा आकडा आहे. रोगाची खूण दुसरीकडे शोधावी लागते. तितकीच मासळी धरण्यास पूर्वी जेवढी जाळी एका रात्री पुरत, त्याच्या दीडपट जाळी लागू लागली, किंवा कटल्याचा सरासरी मासा तीन किलोवरून दीड किलोवर आला, तर ती खूण समजावी. म्हणून संस्थेच्या वहीत किलोंच्या शेजारी जाळ्यांची व रात्रींची संख्या लिहिलेली असणे, हे किलोंच्या नोंदीहून अधिक मोलाचे असते.

आतापर्यंत आपण H वाढविला आणि K स्थिर धरला. मराठवाड्यात वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते. मक्ता जागच्या जागी राहतो आणि धारणक्षमता पायाखालून सरकते. सूत्रात H एकटा नाही, 4H/(rK) हे गुणोत्तर आहे, आणि K अर्धा झाला की त्याचा परिणाम H दुप्पट झाल्यासारखाच होतो. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे या प्रदेशात अपुरे झाले. मांजराचे पाणी ओसरत ओसरत मृतसाठ्यात आणि तेथूनही खाली गेले. आपल्या कल्पित जलाशयावर असा प्रसंग आणून पाहू.

जलाशय ३० टनांच्या मक्त्यावर, १५० टनांच्या स्थिर समतोलावर सुखाने चालला आहे, असे धरा. दुष्काळ पडला आणि पाणी आटून धारणक्षमता २०० वरून ६० टनांवर आली. आता शिखराची उंची वर्षाला केवळ १२ टन. मक्ता तिच्या अडीच पट. समतोल एकही नाही. काल निर्वेध असलेला आकडा आज, त्यात काडीचाही बदल न होता, द्विभाजनाच्या पलीकडे गेला. समीकरण सोडविले तर एका वर्षानंतर मासळी सुमारे ६७ टन उरते, आणि दोन वर्षांनंतर ४१ टन. शिवाय पाणी आटले म्हणजे उरलेली मासळी डोहात दाटते, जाळ्यात सुलभतेने सापडते, आणि मच्छीमारास हंगाम बरा गेल्याचा भास होतो. म्हणून ३० टन भरण्याची अडचण त्या दोन वर्षांत त्यास मुळीच जाणवत नाही.

मग पाऊस येतो. २०१६ च्या पावसाळ्याने मांजरात पुन्हा विपुल पाणी आणले, तसा आपला जलाशयही तुडुंब भरतो, आणि धारणक्षमता पुन्हा २०० टन होते. दुष्काळ एकच वर्ष टिकला असेल, तर शिल्लक ६७ टन ही ५० च्या सरहद्दीच्या वर आहे. निसर्गाची जमा ३५ टनांहून थोडी अधिक, उचल ३०, आणि मासळी हळूहळू जुन्या समतोलाकडे चढू लागते. परंतु दुष्काळ दोन वर्षे टिकला असेल, तर शिल्लक ४१ टन. जमा २६ टन, उचल ३० टन. काठोकाठ भरलेल्या धरणात, पाण्याची कसलीही ददात नसताना, जुन्याच आणि एके काळी सर्वस्वी योग्य असलेल्या मक्त्यावर मासळी घटत जाते, आणि सुमारे साडेतीन वर्षांत संपते. दोष कोणत्या वर्षाचा, असे कोणी विचारले तर लोक शेवटच्या वर्षाकडे बोट दाखवितील. समीकरण मात्र पाऊस परतल्याच्या दिवसाकडे बोट दाखविते, जेव्हा आकडा बदलावयास हवा होता आणि बदलला नाही. पेरूच्या किनाऱ्यावर आंचोव्हेटा मासळीची जगात अद्वितीय अशी सुमारे सव्वा कोटी टनांची पकड १९७० साली झाली होती. १९७२ मध्ये एल निन्योने समुद्राचे पाणी तापविले, आणि १९७३ ची पकड वीस लाख टनांच्याही खाली गेली. तेथेही निसर्गाचा आघात आणि वाढीव पकड ही दोन कारणे एकत्र आली होती.

या प्रतिमानाची मर्यादा कोठे येते, तेही सांगितले पाहिजे. कटला, रोहू आणि मृगळ या प्रमुख मासळ्यांना अंडी घालण्यास पुराचे वाहते पाणी लागते. साचलेल्या जलाशयात त्यांची वीण भरवशाची नसते, म्हणून दरसाल मत्स्यबीज, म्हणजे बोटुकली, आणून सोडावी लागते. अशा जातींच्या बाबतीत निसर्गाची जमा म्हणजे बरीचशी माणसाचीच जमा असते. बोटुकलीतून दरसाल S टनांची भर पडते असे मानले, तर समीकरणात H च्या जागी H − S येते आणि बाकी सारे गणित तसेच राहते; ३० टनांचा मक्ता व १० टनांची भर असेल तर जलाशयास तो २० टनांच्या मक्त्यासारखा भासतो. मरळ किंवा चिलापीसारखी, जलाशयातच वीण करणारी मासळी असेल तर मूळ समीकरण अधिक सच्चे ठरते. दुसरी गोष्ट, पकड ठरीव न राखता प्रयत्न ठरीव राखला, म्हणजे अमुक इतकीच जाळी अमुक इतक्याच रात्री, तर उचल मासळीच्या प्रमाणात आपोआप घटते. पकड pN अशी लिहिली तर p हा r हून लहान असेतोवर K(1 − p/r) हा शून्याखेरीज एकच आणि स्थिर असा समतोल असतो, खाली सरहद्द नसते, आणि दुष्काळानंतर मासळी कितीही कमी उरली तरी ती परत चढते. ठेक्याच्या अटी लिहिणाऱ्यांनी किलोंऐवजी जाळी मोजली, तर हे सारे प्रकरणच निराळे होते.

पण किलोंचाच मक्ता असेल आणि मासळी ४१ टनांवर येऊन ठेपली असेल, तर करावयाचे काय? दोन मार्ग आहेत. पहिला, मासेमारी पूर्ण बंद ठेवणे: ४१ टनांपासून ६० टनांपर्यंत, म्हणजे सरहद्दीच्या सुरक्षित पलीकडे, येण्यास सुमारे पावणेआठ महिने लागतात. दुसरा, मक्ता ३० वरून २० टनांवर आणणे: तेव्हा अस्थिर समतोल ५० वरून २९.३ वर उतरतो, ४१ टनांची शिल्लक एकाएकी सरहद्दीच्या वर येते, आणि ६० टन गाठण्यास जवळजवळ दोन वर्षे लागतात. दोहोंमध्ये सोडाव्या लागणाऱ्या पकडीचा हिशेब केला तर तो आश्चर्यकारकरीत्या सारखा निघतो. पहिल्यात सुमारे १९ टन, दुसऱ्यात सुमारे २० टन. तेव्हा निवड मासळीच्या वजनावर होणार नाही. ती संस्थेच्या सभासदांची घरे पावणेआठ महिने मुळीच उत्पन्नावाचून काढू शकतात, की दोन वर्षे दोन-तृतीयांश उत्पन्नावर, यावरच होईल.